ओळखीच्या सरांना जागेबद्दल कसं विचारायचं?

‘ताई, मी बडोद्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीतल्या सीनियर मॅडमशी मावशीच्या ओळखीने अर्धा तास बोलणं झालं. खूप आपुलकीने बोलल्या, ट्रान्सफॉर्मरचं भारतीय मानक आयएस २०२६ वाच म्हणाल्या. त्याला दीड महिना झाला. आता त्यांच्याकडे जागा निघणार आहे का हे विचारावंसं वाटतं, पण त्यांना वाटेल की मी तेवढ्यासाठीच गोड बोललो. विचारू की नको?’

विचार. दीड महिना म्हणजे उशीरही नाही. मात्र काय विचारायचं आणि त्याआधी काय सांगायचं यावर सगळं अवलंबून आहे. तुझ्यासारखीच अडचण घेऊन माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं काय झालं ते सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

ती एम.एस. युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होती. घर दांडिया बाजारात. बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या बाजूला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलचे प्रमुख असलेले एक गृहस्थ तिच्या वडिलांच्या ओळखीचे. गणपतीच्या दिवसांत एका रविवारी सकाळी ती त्यांच्या घरी जाऊन बोलून आली. त्यांनी तिला कामाचं सांगितलं: औषधातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी मशीन चालवणारी मुलं खूप मिळतात, पण सिस्टीम सूटेबिलिटी, म्हणजे मोजणीआधी मशीन आणि पद्धत ठीक चालताहेत ना याची तपासणी, फेल झाली तर का झाली हे सांगणारी फार थोडी असतात. त्याचा अभ्यास कर. आणि नोंद जिथल्या तिथे, त्याच वेळी करायची, कच्च्या कागदावर लिहून मग उतरवायची नाही, ही सवय आत्ताच लाव.

त्याच रात्री तिने आभाराचा मेसेज पाठवला. हे उत्तम झालं. आभाराच्या मेसेजमध्ये जागेचा विषय काढला नाही, हे त्याहून चांगलं. समोरच्याने सुट्टीतला वेळ दिला आणि संध्याकाळी लगेच मागणी आली, तर सकाळचं सगळं बोलणं त्या मागणीची तयारी होती असंच त्याला वाटतं.

मग महिना-सव्वा महिना शांतता. वडील म्हणायला लागले, ‘मीच फोन करतो, त्यात काय!’ ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या फोनमध्ये एक मेसेज लिहून तयार होता, पाठवायचा धीर होत नव्हता. तो असा होता:

‘आदरणीय सर, मी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षात असून आपल्या कंपनीत काम करण्यास उत्सुक आहे. आपल्याकडे माझ्या लायक एखादी जागा असल्यास कृपया कळवावे. सोबत सीव्ही जोडत आहे. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत.’

मेसेज नम्र आहे, तरी वाचणाऱ्यावर ओझं टाकतो. कसं ते बघ. हा मेसेज शहरातल्या कुठल्याही कंपनीतल्या कुणालाही जसाच्या तसा गेला असता; गणपतीतल्या त्या सकाळचा त्यात मागमूस नाही. ‘लायक जागा असल्यास’ म्हणजे हिच्या लायक काय ते त्यांनीच ठरवायचं आणि शोधायचंही त्यांनीच. न मागता सीव्ही जोडला, म्हणजे तो एचआरला पाठवायचं कामही त्यांच्याकडे. आणि ‘सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणायची सोयच उरत नाही. अशा मेसेजला सज्जन माणूस बहुतेक वेळा उत्तर देत नाही, कारण खरं उत्तर ‘सध्या नाही’ असं असतं आणि ओळखीच्या घरातल्या मुलीला ते लिहायला त्याला भीड वाटते.

मी तिला आधी विचारलं, ‘त्यांनी सांगितलेलं काही केलंस का?’ केलं होतं, पण ते सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. प्रोजेक्टमध्ये एचपीएलसीच्या आलेखावर तिच्या औषधाचा पीक, म्हणजे उंचवटा, मागे शेपटासारखा ओढला जात होता, ज्याला टेलिंग म्हणतात. टेलिंग फॅक्टर साधारणपणे २च्या आत असावा लागतो, तिचा वर जात होता. औषध बेसिक, म्हणजे अल्कधर्मी स्वरूपाचं होतं, आणि अशी औषधं मशीनच्या कॉलममधल्या सिलिकाच्या मोकळ्या सिलॅनॉल गटांना धरून राहतात, म्हणून शेपूट येतं, हे तिने वाचून शोधलं. बफरचा पीएच ३च्या आसपास आणला, त्या पीएचला ते गट फारसे आयनित राहत नाहीत, आणि पीक सुधारला. मी केमिस्ट्रीची नाही, हे सगळं तिनेच मला समजावलं. पण त्या सरांना सांगण्यासारखं याहून चांगलं तिच्याकडे काय असणार होतं? त्यांनी सांगितलेलं नेमकं तेच तिने केलं होतं.

मग आम्ही प्रश्न बदलला. ‘जागा आहे का’ या प्रश्नाचं उत्तर त्या सरांच्या हातात पूर्णपणे नसतं. मोठ्या कंपनीत विभागप्रमुखाला माणूस हवा असला तरी पद मंजूर व्हावं लागतं, पुढची प्रक्रिया एचआर चालवतं. पण त्यांना दोन गोष्टी पक्क्या माहीत असतात: भरती साधारण कधी होते आणि ती कुठे जाहीर होते. नवीन पदं बऱ्याच ठिकाणी आर्थिक वर्षाच्या हिशेबाने, एप्रिलनंतर येतात. वार्षिक वाढ आणि बोनस हातात पडला की काही लोक नोकरी बदलतात, त्यांचा एक ते तीन महिन्यांचा नोटिस पीरियड असतो, आणि त्या काळात रिकाम्या होणाऱ्या जागेची जाहिरात निघण्याआधी विभागप्रमुखाला ती माहीत असते. म्हणून वेळ आणि वाट विचारली, की त्यांना कुठलंही वचन न देता खरं उत्तर देता येतं. जवळपास काही असेल तर ते आपणहून सांगतात.

तिने पाठवलेला मेसेज हा:

‘नमस्कार सर. गणपतीत तुमच्या घरी बोललो तेव्हा तुम्ही सिस्टीम सूटेबिलिटी का फेल होते ते समजून घ्यायला सांगितलं होतंत. माझ्या प्रोजेक्टमध्ये टेलिंग येत होतं. बफरचा पीएच ३च्या आसपास आणल्यावर ते मर्यादेत आलं, आणि कारणही वाचून समजून घेतलं. एक विचारायचं होतं. माझी परीक्षा एप्रिलमध्ये संपते. तुमच्याकडे किंवा आसपासच्या कंपन्यांत क्यूसीमध्ये फ्रेशर साधारण कोणत्या महिन्यांत घेतात, आणि त्या जागा कुठे जाहीर होतात? त्याप्रमाणे तयारी ठेवीन. सवडीने सांगितलंत तरी चालेल.’

यातले ‘किंवा आसपासच्या कंपन्यांत’ हे शब्द मी आग्रहाने घालायला लावले. त्यांच्याच कंपनीबद्दल विचारलं की उत्तर हो किंवा नाही यातच अडकतं. आसपासचं विचारलं की स्वतःकडे काही नसतानाही त्यांना मदत करता येते. सीव्ही जोडला नाही. मराठीत लिहिलं, कारण बोलणं मराठीत झालं होतं. ते इंग्रजीत लिहिणारे असते तर इंग्रजीत लिहिलं असतं.

वडिलांना फोन करू नका असं मी त्यांना घरी बोलावून सांगितलं. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत ओळखी दोन-तीन पिढ्यांच्या असतात, त्यामुळे वडिलांनी फोन केला की समोरचा ‘हो हो, बघतो’ म्हणतोच. पण मग तो शब्द मुलीला नाही, घराला दिलेला होतो, आणि तो पाळता आला नाही की ते सर पुढच्या लग्नकार्यात नजर चुकवतात. मुलगी स्वतःच्या कामाबद्दल स्वतः बोलली तर हे घडत नाही. वडिलांना पटलं, जरा नाखुशीने.

चार दिवसांनी उत्तर आलं. आमच्याकडे मार्चपर्यंत काही नाही, एप्रिल-मेनंतर बघता येईल. आसपासच्या कंपन्या रविवारी वॉक-इन घेतात, लिंक्डइनवर लक्ष ठेव. एप्रिलमध्ये सीव्ही पाठव. इतकंच. तिने लगेच आभार मानले आणि गप्प बसली. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर सीव्ही पाठवला, पीडीएफ, फाईलला स्वतःचं नाव, वर एक ओळ: ‘तुम्ही एप्रिलमध्ये पाठवायला सांगितलं होतंत.’ त्यांच्या कंपनीत त्या वर्षी फ्रेशर घेतलेच नाहीत. पण मे महिन्यात त्यांनी दुसऱ्या एका कंपनीच्या वॉक-इनची जाहिरात तिला पाठवली. तिथे तिची निवड झाली नाही. त्यानंतरच्या एका वॉक-इनमध्ये झाली, तीही ट्रेनी म्हणून, आणि ती बातमी तिने सर्वांत आधी त्यांना कळवली.

उत्तर येईलच असं नाही, हे तूही धरून चाल. निळ्या टिक दिसल्या आणि उत्तर नाही, तर दोन आठवडे थांब. मग एकच आठवण, तीही तोच प्रश्न पुन्हा न विचारता: ‘मॅडम, मागच्या प्रश्नाला सवड मिळाली तर बघाल, घाई नाही.’ तेही गेलं की थांब. पुन्हा लिहायचं ते खरंच सांगण्यासारखं काही झालं तरच: प्रोजेक्ट पूर्ण झाला, निकाल लागला. ‘बघते, कळवते’ असं आलं, तर आभार मान आणि वाट बघ. कधी कळवाल असं विचारू नकोस. ‘एचआरला लिही’ असं आलं, तर एक गोष्ट जरूर विचार: ‘तुमच्याशी बोलणं झालं होतं असं त्यात लिहिलं तर चालेल का?’ परवानगीशिवाय त्यांचं नाव वापरलंस आणि एचआरने त्यांना विचारलं, की त्या अवघडतात आणि पुढचं दार बंद होतं.

आता तुझ्यापुरतं. आयएस २०२६ उघडलं आहेस का? नसेल तर मेसेज आज लिहू नकोस. हे मानक अनेक भागांत आहे, सगळं वाचायची गरज नाही. पहिल्या भागातल्या चाचण्या बघ: प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर होणाऱ्या रूटीन टेस्ट कोणत्या, आणि तापमानवाढीसारखी टाइप टेस्ट प्रत्येक नगावर का करत नाहीत. कॉलेजच्या लॅबमध्ये ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट केली असशीलच; नो-लोड लॉस आणि लोड लॉसच्या रूटीन टेस्टशी त्यांचं नातं काय ते लावून बघ. त्यात जे कळलं ते दोन ओळींत लिही, एखादी खरी शंका उरली तर तीही लिही, आणि मग विचार की डिझाइन किंवा टेस्टिंगमध्ये त्यांच्याकडे किंवा आसपास नवीन मुलं साधारण कधी घेतात. परीक्षा कधी संपते ते लिहायला विसरू नकोस, नाहीतर त्यांना कुठला महिना सांगायचा हेच कळणार नाही. मावशीला मात्र यातून बाहेर ठेव.