काकांच्या संग्रहासाठी नाणं घेताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. काकांच्या पंचाहत्तरीला बडोदा संस्थानचं एखादं नाणं द्यावं, हा तुझा विचार मला फार आवडला. मांडवीजवळच्या दुकानात सयाजीरावांची छबी असलेला चांदीचा रुपया साडेचार हजारांना मिळतोय, घेऊ का, असं विचारलं आहेस. इतक्यात घेऊ नकोस. तो खोटा आहे असं माझं म्हणणं नाही, ते फोटोवरून ठरतच नाही. पण चाळीस वर्षं फक्त बडोद्याची नाणी जमवणाऱ्या माणसाकडे सयाजीरावांचा रुपया नसेल, असं तुला वाटतं का? असणारच. त्यांना हवं असेल ते एखाद्या ठरावीक सालाचं नाणं, किंवा त्यांच्याकडे झिजलेलं आहे त्याचाच जास्त चांगला नमुना.

म्हणून सुरुवात दुकानापासून नको, काकूंपासून कर. काका सकाळी कमाटीबागेत फिरायला जातात तेवढ्यात काकूंना अल्बम उघडायला सांग आणि प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो काढ. नाणी कप्प्यातून बाहेर काढू नका. गंभीर संग्राहकाच्या अल्बममध्ये रिकामे कप्पे मुद्दाम सोडलेले असतात आणि बहुधा त्यांवर पेन्सिलीने साल लिहिलेलं असतं. शेवटच्या पानाला किंवा एखाद्या जुन्या वहीत ‘पाहिजे’ अशी यादीही सापडेल. ती यादी हाती लागली की तुझं अर्धं काम झालं. मग तुला किमतीतलं फारसं कळण्याची गरज उरत नाही, फक्त यादीतलं नाणं ओळखता आलं पाहिजे.

ओळखताना एका जागी हमखास गल्लत होते. सयाजीरावांच्या यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर देवनागरीत विक्रम संवत आहे. नाण्यावर १९४९ दिसलं म्हणजे ते स्वातंत्र्यानंतरचं नव्हे. महाराज १९३९ मध्येच गेले. १९४९ मधून ५७ वजा कर, इसवी सन १८९२ येतं. काकांच्या यादीत ‘१९४९’ असेल आणि दुकानदार ‘१८९२ चा रुपया’ म्हणत असेल, तर दोघे एकाच नाण्याबद्दल बोलताहेत. त्याआधीचे गायकवाडी रुपये हाती ठोकलेले, फारसी मजकुराचे. ते तुझ्या आवाक्यातले नाहीत. यादीत तसलं काही असेल तर ते सोडून दे.

आता किंमत. नाणं जितकं जुनं तितकं महाग, हा समज आधी डोक्यातून काढून टाक. ब्रिटिश हिंदुस्थानातला १८६२ सालचा व्हिक्टोरियाचा रुपया कुठेही मिळतो, कारण त्या सालाचा ठसा १८७४ पर्यंत तसाच वापरला गेला आणि रुपये अफाट संख्येने पाडले गेले. उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया त्याहून कितीतरी अलीकडचा, तरी दुर्मिळ, कारण त्यातले बहुतेक वितळवले गेले. म्हणून खोटा १९३९ ही बाजारात फिरतो. ठरतं ते किती नाणी उरली आणि हातातलं किती कोरं आहे यावर. भाव पाहायचा तर ऑनलाइन जाहिरातीत विक्रेत्याने लिहिलेले आकडे पाहू नकोस, ते फक्त मागितलेले असतात. भारतातली लिलाव करणारी घरं झालेल्या लिलावांतली प्रत्यक्ष विक्रीची किंमत फोटोसकट प्रसिद्ध करतात. तेच साल आणि तेवढीच झीज असलेली तीनचार नाणी तिथे शोध. झीज पाहायची ती मुद्रेवरच्या सगळ्यांत उंच भागांवर, कारण ते आधी घासले जातात. तिथली नक्षी सपाट झाली असेल तर बाकीचं नाणं कितीही उठावदार दिसो, भाव खालचाच.

दुकानात गेलास की नाणं कडेने धर, बोटं मुद्रेला लावू नकोस, आणि ते खिडकीच्या उजेडात तिरकं फिरव. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या गोल होतात आणि पुष्कळदा काठावर चहूबाजूंनी सांध्याची रेघ असते. अस्सल नाणं ठशाखाली दाबलेलं असतं, त्याची अक्षरं तळापासून सरळ उभी राहतात. मग सराफाकडच्या काट्यावर वजन कर. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजल्याने थोडा कमी भरेल, पण जास्त भरता कामा नये. बडोद्याच्या नाण्याचं वजन कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं, ते आधीच कागदावर टिपून ने. वजन जुळलं म्हणजे नाणं खरं ठरलं असं नाही, पण जुळलं नाही तर तिथूनच मागे फिर.

आणि सगळं जुळलं तरी पावतीवर नाण्याचं नाव, साल, किंमत आणि ‘पंधरा दिवसांत परत घेऊ’ एवढं लिहून घे. चांगला व्यापारी याला का-कू करत नाही. लिहून देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नकोस.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: घेतलेलं नाणं घासू नकोस. समारंभात चकाकावं म्हणून लोक चिंच, टूथपेस्ट किंवा भांड्यांची पावडर लावतात. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळसर-निळसर झाक हीच संग्राहकाला हवी असते. ती गेली आणि वर बारीक ओरखडे उठले की ते परत भरून येत नाहीत. काका ते नाणं हातात घेताच ओळखतील. तोंडाने काही बोलणार नाहीत, पण अल्बममध्येही लावणार नाहीत.

यादी मिळालीच नाही, तर नाणं घेऊच नकोस. त्याऐवजी दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग घे, किंवा मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेले चौकोनी पुठ्ठ्याचे होल्डर आणि ते बसतील असा अल्बम. मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक टाळ. त्यातल्या पीव्हीसीमुळे नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. अल्बमच्या फोटोंत तसले पाउच दिसले, तर भेट काय द्यायची हा प्रश्नच सुटला.

रामदरबार, हनुमान किंवा ॐ असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’चं नाणं कुणी दाखवलं तर हातही लावू नकोस, कंपनीने तशी नाणी कधीच काढली नाहीत.

तुझा अमेरिकेतला भाऊही वर्गणी देणार आहे म्हणतोस. त्याच्यासाठी याच निमित्ताने एखादा बडोद्याचा रुपया पाठवावा असं मनात येईल, पण ते करू नकोस. शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरिअरनेही नाही आणि सामानातूनही नाही.

अल्बमचे फोटो काढलेस की मला पाठव, रिकामे कप्पे आपण एकत्र वाचू. आणि भेट देताना पावती त्याच पाकिटात ठेव, किंमत दिसली तरी चालेल. संग्राहकाला नाणं कुठून आलं याची नोंद वहीत करायची असते.

तुझा,
दांडिया बाजारातला जुना नाणेवाला