'लेबर इझन्ट वर्किंग'चे मराठी रूप

प्रश्न : ब्रिटनमधल्या 'लेबर इझन्ट वर्किंग' या प्रचारफलकाचे मी 'मजूर काम करत नाही' असे भाषांतर केले, पण त्यातली कोटी हरवली. ती मराठीत आणता येईल का?

येईल, मात्र वाक्य बाजूला ठेवून आधी फलकाचे काम पाहावे लागेल. साची अँड साची या जाहिरातसंस्थेने 1978 मध्ये हुजूर पक्षासाठी केलेल्या या फलकावर बेकारांची नागमोडी रांग दिसते. (रांगेतले लोक खरे बेकार नव्हते, तर पक्षाचेच तरुण समर्थक होते.) 'लेबर' म्हणजे तेव्हा सत्तेवर असलेला मजूर पक्षही आणि श्रमिकही, 'वर्किंग नसणे' म्हणजे निरुपयोगी ठरणेही आणि हाताला काम नसणेही. तुमच्या वाक्यात दोष सरकारवरून उडून मजुरांच्या आळसावर बसतो, म्हणजे फलकाचा हेतूच उलटतो.

मराठीच्या सुदैवाने 'बेकार' या शब्दात नेमके हेच दोन अर्थ नांदतात. म्हणून मी असे सुचवेन : 'मजूर सरकार, मजूर बेकार.' पहिल्या दोन शब्दांमुळे पक्षाचा संदर्भ पक्का होतो, त्यामुळे दुसरा 'मजूर' पक्ष आणि कामगार अशा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. येथे क्रियापद मुद्दामच गाळले आहे, कारण 'बेकार आहेत' म्हटले की कामगारांचा आणि 'बेकार आहे' म्हटले की पक्षाचा अर्थ वर येतो, आणि कोटी व्याकरणातच संपते. यमकामुळे मूळ वाक्याचा कोरडा, थंड सूर जाऊन मोर्चातल्या घोषणेचा सूर येतो, हे नुकसान मान्य करावे लागते. ते नको असेल, तर 'मजूर पक्ष बेकार' एवढेच ठेवावे. पण मग 'मजूर' या शब्दावरची कोटी जाते आणि कामगारांचा उल्लेख पूर्णपणे चित्रावर सोपवावा लागतो.

चित्रातल्या कचेरीच्या पाटीवर 'बेकारी कार्यालय' असे लिहू नये. मूळ पाटीवरचे शब्द आणि घोषवाक्य यांत एकही शब्द समान नाही. मराठीत 'बेकारी' आधीच दिसली, तर वाचकाला दुसरा अर्थ स्वतः शोधण्याची मजा उरत नाही. 'सेवायोजन कार्यालय' येथे बरे.

'हुजूर' आणि 'मजूर' हे जुळते शब्द समोर असताना 'मजूर नको, हुजूर हवे' असे लिहिण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. पक्षांची ही नावे मराठी वृत्तपत्रांनी रूढ केली असली, तरी घोषवाक्यात ती मालक आणि चाकर अशीच ऐकू येतात, आणि हुजूर पक्षाचा फलक त्याच्याच विरुद्ध प्रचार करू लागतो. फलकाच्या तळाशी हुजूर पक्षाच्या राजवटीत ब्रिटनचे अधिक भले होईल अशा अर्थाची ओळ आहे. तिचे भाषांतर साधे, कोटीविना करावे.