बजेट तफावतीच्या टिप्पणीतलं फेव्हरेबल-ॲडव्हर्स मराठीत कसं लिहावं?

प्रश्न: आमचे मासिक मॅनेजमेंट अकाउंट्स मुख्य कार्यालयाकडून इंग्रजीत येतात. देखभाल विभागाच्या प्रमुखांसाठी मी तफावतीवरची टिप्पणी मराठीत करते. फेव्हरेबलला अनुकूल आणि ॲडव्हर्सला प्रतिकूल लिहिते, तरी ते दर महिन्याला काहीतरी भलताच अर्थ काढतात. दुसरे कोणते शब्द वापरू?

उत्तर:

शब्द बदलू नका, त्यांची जागा बदला. अनुकूल आणि प्रतिकूल ही रकान्यातली लेबलं म्हणून उत्तम आहेत, पण वाक्याचा भार त्यांच्यावर टाकला की घोटाळा होतो. इंग्रजी टिप्पणीत "पगार ४८ फेव्हरेबल" एवढ्यावर वाक्य संपतं, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही हिशेबवाले असतात, असं गृहीत धरलेलं असतं. तुमचे वाचक हिशेबवाले नाहीत.

हिशेबाच्या भाषेत या शब्दांचा अर्थ फार अरुंद आहे. बजेटशी तुलना करता जी तफावत नफा वाढवते ती अनुकूल, जी घटवते ती प्रतिकूल. म्हणजे खर्च बजेटपेक्षा कमी किंवा उत्पन्न जास्त असेल तर अनुकूल, उलट असेल तर प्रतिकूल. काम चांगलं झालं की वाईट, याचा त्यात काही संबंध नाही. यंत्रांना वेळेवर वंगण घातलंच नाही, तर त्या महिन्यात वंगणाची तफावत अनुकूलच दिसेल.

मराठीत मात्र या शब्दांना स्वतःचं वजन आहे. प्रतिकूल म्हटलं की नोकरीतल्या माणसाला गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा आठवतो, आणि तो खुलासा द्यायला बसतो. हे टाळायला बरेच अनुवादक घरगुती शब्द घेतात, आणि तिथे जास्त नुकसान होतं. "शिल्लक" लिहिलंत की प्रमुखांना वाटतं, एवढे पैसे अजून खर्च करायला हातात आहेत. "बचत" म्हटलं की कोणीतरी काटकसर केली असा अर्थ निघतो, जरी प्रत्यक्षात माणूसच भरलेला नसला तरी. "तूट" आणि "तोटा" तर पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. विभागाचा खर्च बजेटबाहेर गेला म्हणून कंपनीला तोटा झाला असं होत नाही.

"कमी पडला" हा प्रयोग विशेष जपून करा. "सुट्या भागांवरचा खर्च कमी पडला" याचा अर्थ अर्धे वाचक "पुरला नाही" असाच घेतील. "कमी झाला" हेही धोक्याचं, कारण ते मागच्या महिन्यापेक्षा कमी असंही वाचता येतं. "बजेटपेक्षा इतका कमी" असंच लिहा, आणि "बजेटपेक्षा" हा शब्द प्रत्येक वाक्यात पुन्हा आला तरी येऊ द्या. तो गाळून वाक्य सुबक करण्याचा मोह आवरावा लागतो.

आता एक महिना घेऊन बघू. आकडे हजारांत आहेत. पगाराचं बजेट ४००, प्रत्यक्ष ३५२. कंत्राटी मनुष्यबळाचं बजेट २०, प्रत्यक्ष ७५. सुट्या भागांचं बजेट १५०, प्रत्यक्ष ९०. एकूण बजेट ५७०, प्रत्यक्ष ५१७. म्हणजे एकूण तफावत ५३ अनुकूल. मुख्य कार्यालयाच्या टिप्पणीचं शब्दशः भाषांतर साधारण असं होतं:

"एकूण ५३ अनुकूल. पगारातील रिक्त जागांमुळे आलेल्या ४८ अनुकूलतेची ५५ प्रतिकूल कंत्राटी खर्चाने अधिक भरपाई केली. सुटे भाग ६० अनुकूल, वेळेमुळे."

यातला पहिला खड्डा म्हणजे "भरपाई". इंग्रजी ऑफसेटला कोशात हा प्रतिशब्द सापडतो, पण मराठीत भरपाई नुकसानाची होते. इथे तर चांगल्या बाजूचे ४८ वाईट बाजूच्या ५५ ने खाऊन टाकले आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, कोणीतरी ५५ हजार परत दिले. अशा ठिकाणी नाम सोडून द्या आणि वजाबाकी उघडी करून दाखवा: पगारावर ४८ कमी गेले, पण त्याच कामासाठी कंत्राटी माणसांवर ५५ जास्त गेले, म्हणजे मनुष्यबळावर मिळून ७ जास्त. मूळ टिप्पणीत ७ हा आकडा नसला तरी तो तिच्याच दोन आकड्यांतून निघतो, त्यामुळे लिहायला हरकत नाही. "अधिक" हा शब्दही नीट बघा. मुळात "अंशतः" असेल तर निव्वळ बाकी अनुकूल बाजूला राहते, "अधिक" असेल तर बाजूच पालटते. भाषांतरात हे क्रियाविशेषण गळलं की वाक्य खोटं होतं.

कारण मात्र तुम्ही वाढवायचं नाही. मुळात "दोन जागा रिक्त" असेल तर "दोन जागा रिक्त होत्या" एवढंच लिहा. "भरती झाली नाही" असं लिहिलं की त्यात कोणाची तरी चूक डोकावते, आणि ती टिप्पणी लिहिणाऱ्याने म्हटलेली नसते.

दुसरा खड्डा शेवटच्या दोन शब्दांत आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात महाग तोच पडतो. "वेळेमुळे" हे भाषांतर नाही, कोडं आहे. टिप्पणीतल्या टायमिंगचे निदान तीन वेगवेगळे अर्थ होतात. एक, काम पुढे ढकललं गेलं, म्हणजे खर्च येणारच आहे, फक्त नंतर. दोन, काम झालं, भाग आले, पण पुरवठादाराचं बिल आलं नाही आणि हिशेबात त्याची तरतूदही धरलेली नाही. तीन, खर्च ठरल्याप्रमाणेच होतो आहे, पण वर्षाचं बजेट बारा महिन्यांत सारखं वाटून टाकलं आहे, तर काम मात्र दोनच महिन्यांत होतं.

हे तीन अर्थ प्रमुखांकडून तीन वेगळ्या गोष्टी मागतात. पहिल्यात त्यांनी पैसे राखून ठेवायचे. दुसऱ्यात हिशेब विभागाला लगेच कळवायचं, कारण तो या महिन्याचाच खर्च आहे आणि कागदावरचा आकडा चुकीचा आहे. भाग गोदामात आले की नाही हे मुख्य कार्यालयाला दिसत नाही, प्रमुखांना दिसतं. तिसऱ्यात त्यांनी काहीच करायचं नाही, फक्त पुढच्या वर्षी महिनावार वाटणी बदलून मागायची. म्हणून टायमिंग शब्द आला की भाषांतर थांबवा आणि टिप्पणी लिहिणाऱ्याला एका ओळीत विचारा: काम राहिलं आहे, बिल राहिलं आहे, की बजेटची वाटणी तशी आहे? उत्तर मिळेपर्यंत "तात्पुरता फरक, कारण विचारलं आहे" असं लिहिलेलं बरं. अंदाजाने तिघांपैकी एक निवडू नका.

आपल्या उदाहरणात उत्तर आलं असं धरू की यंत्र बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती पुढच्या महिन्यात गेली. तर मराठी टिप्पणी अशी होईल:

"या महिन्यात विभागाचा खर्च बजेटपेक्षा ५३ हजारांनी कमी आहे. सुट्या भागांवर बजेटपेक्षा ६० हजार कमी गेले. मोठी दुरुस्ती पुढच्या महिन्यात गेल्याने हा खर्च अजून व्हायचा आहे. दोन जागा रिक्त असल्याने पगारावर बजेटपेक्षा ४८ हजार कमी गेले, पण कंत्राटी मनुष्यबळावर ५५ हजार जास्त गेले. दुरुस्तीचा खर्च बाजूला ठेवला तर विभाग बजेटपेक्षा ७ हजारांनी वर आहे."

शेवटचं वाक्य बघा. कागदावर ५३ अनुकूल असलेला विभाग खरं तर ७ ने बाहेर आहे. शब्दशः भाषांतर वाचणारे प्रमुख ५३ हजारांची खरेदी मंजूर करून मोकळे झाले असते. हे वाक्य तुमच्या मनाने घालण्याआधी मुख्य कार्यालयाला दाखवा, कारण त्यात दुरुस्ती ६० मध्येच होईल हे गृहीत आहे. ते नको म्हणाले तर ते सोडून बाकीची टिप्पणी तशीच चालेल.

लेबलं कुठे ठेवायची? तक्त्यात. मूळ कागदावर F आणि A अशी अक्षरं असतील तर मराठी तक्त्यात "अनु." आणि "प्रति." करा आणि खाली एकच ओळ द्या: अनुकूल म्हणजे नफा वाढवणारी तफावत, प्रतिकूल म्हणजे घटवणारी; हा कामावरचा शेरा नव्हे. काही ठिकाणी A ऐवजी U वापरतात, अर्थ तोच. तफावतीला "तफावत" किंवा "फरक" म्हणा. "विचरण" हा संख्याशास्त्राच्या वळणाचा शब्द आहे, तो इथे आणू नका.

कंसांबद्दल थोडं. हिशेबात कंसातला आकडा ऋण असतो, पण तफावतीच्या रकान्यात ऋण म्हणजे काय, हे त्या तक्त्याच्या रचनेवर ठरतं. काही जण सगळीकडे प्रत्यक्ष वजा बजेट करतात. मग जास्तीचा खर्च कंसाविना येतो आणि कमी उत्पन्न कंसात, म्हणजे प्रतिकूल तफावत दोन्ही रूपांत दिसते. भाषांतराआधी स्वतःच पडताळा. बी रकान्यात उत्पन्नाला I आणि खर्चाला E लिहा, सी मध्ये बजेट, डी मध्ये प्रत्यक्ष, आणि शेजारी हे सूत्र:

```
=IF(B2="I",D2-C2,C2-D2)
```

उत्तर धन आलं तर अनुकूल, ऋण आलं तर प्रतिकूल. हे मूळ लेबलाशी जुळलं नाही तर लेबल चुकलं आहे किंवा ओळीचा प्रकार तुम्ही चुकीचा समजलात, आणि दोन्ही वेळा भाषांतरापूर्वी विचारायला हवं. वसुली किंवा परतावा खर्चाच्या गटात दाखवलेला असेल तर हमखास इथेच पकडला जातो.

"प्रतिकूल तफावत सुधारली" या वाक्यासाठीही तोच नियम. मागच्या महिन्यात जादा खर्च ८० होता, आता ५५ आहे, असं दोन्ही आकडे देऊन लिहा. नुसतं "तफावत कमी झाली" लिहिलं तर अनुकूल तफावत घटल्यावरही तेच वाक्य येईल, आणि तिथे त्याचा अर्थ नेमका उलटा असतो.