परदेशी माल आपल्या खर्चापेक्षा स्वस्त, म्हणजे डम्पिंगच का?

प्रश्न : बाहेरून येणारं रसायन आमच्या उत्पादनखर्चाच्याही खाली विकलं जातंय. हे डम्पिंगच ना? तक्रार केली तर ड्यूटी लागते का?

नाही, एवढ्यावरून डम्पिंग ठरत नाही. तुमचा खर्च इथे मोजमापच नाही. तुलना होते ती त्या निर्यातदाराच्या स्वतःच्या देशातल्या दराशी, आणि तीही दोन्हीकडे कारखान्याच्या दारात.

काल्पनिक आकडे घेऊ. तो आपल्या देशात किलोला 108 रुपये लावतो. त्यातून वाहतूक आणि सवलतीचे 8 वजा केले की उरले 100. आपल्या बंदरात पोचेपर्यंतचा त्याचा दर 90. त्यातून जहाजभाडं, विमा आणि तिकडचा बंदरखर्च मिळून 10 काढले की 80. फरक 20, म्हणजे निर्यातदराच्या 25 टक्के. हे डम्पिंग मार्जिन. ते 2 टक्क्यांच्या आत असेल तर प्रकरण तिथेच संपतं. तो घरीही तोट्यातच विकत असेल, तर तो दर बाजूला ठेवून त्याचा खर्च अधिक वाजवी नफा धरता येतो.

80 ला विकणं त्याला परवडतं कसं? कच्चा माल आणि वीज 70, घसारा-व्याज वगैरे स्थिर खर्च 25 असं धरा. पूर्ण खर्च 95, तरी प्रत्येक किलोमागे 10 रुपये स्थिर खर्चाला हातभार लावतात. प्लांट बंद ठेवण्यापेक्षा ते बरं. घरचा दर मात्र तो पाडत नाही. भरपाई तिथूनच होते, आणि इथल्या उत्पादकाला डाचतं ते हेच.

तक्रार डीजीटीआरकडे, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे जाते. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के हवं, आणि विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त. एकटा लहान कारखाना बहुधा इथेच अडतो. पुढची खरी लढाई नुकसानीच्या कारणाची. विक्री, क्षमतावापर आणि नफा घसरल्याचे तक्ते लागतात. तुमचा प्लांट बिघाडामुळे चार महिने बंद होता, तर ती घट आयातीच्या माथी मारता येत नाही. समोरचे वकील पहिलं बोट तिथेच ठेवतात.

ड्यूटीही पूर्ण 20 ची मिळेलच असं नाही. आयात माल सीमाशुल्कासह 96 ला पडतो आणि तुमचा वाजवी दर 106 ठरला, तर नुकसानीचं मार्जिन 10. भारतात दोन्हींपैकी कमी आकडा धरतात. डीजीटीआर फक्त शिफारस करतं, ड्यूटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं. लागली तर साधारण 5 वर्षांसाठी.

आणि तुमचा माल ज्यांचा कच्चा माल आहे, ते गप्प बसणार नाहीत. पॉलिएस्टरसाठी लागणाऱ्या पीटीएवर अशी ड्यूटी होती. कापड उद्योगाला तो कच्चा माल स्पर्धात्मक दरात मिळावा म्हणून 2020 च्या अर्थसंकल्पात ती सार्वजनिक हिताच्या कारणाने काढून टाकली गेली.