थकलेले हप्ते आणि नवीन लोनचं कव्हर लेटर

प्रश्न: मागच्या लोनचे ३ हप्ते थकले होते, आता नवीन लोनच्या कव्हर लेटरमध्ये ते कसं लिहू?

लपवू नका, क्रेडिट रिपोर्टमध्ये बँकेला ते महिन्यासकट दिसतंच. पहिल्याच पॅरात सरळ लिहा, 'मार्च ते मे ३ हप्ते चुकले, फेब्रुवारीत नोकरी गेली होती, जूनमध्ये नवीन लागली, ऑगस्टपर्यंत दंडासकट थकबाकी भरली आणि त्यानंतरचे १४ हप्ते वेळेवर गेलेत.' कारण एका वाक्यात बास, पण त्याचा कागद जोडा, म्हणजे नोकरी सुटल्याचं पत्र, आताची सॅलरी स्लिप आणि थकबाकी भरल्याचं स्टेटमेंट. महिने रिपोर्टशी जुळवून घ्या हं, माझ्या लेटरमध्ये एक महिना चुकला आणि फाईल तिथेच अडकली. आणि कमी रकमेत सेटलमेंट केली असेल तर 'पूर्ण फेडलं' असं अजिबात लिहू नका, रिपोर्टमध्ये ते वेगळं दिसतं.