पुण्यातली जुनी गाडी नागपुरात बसून घ्यायची आहे, इन्स्पेक्शनवाल्याच्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवावा?

भाऊ, स्कोरवर अजिबात नाही, आकड्यांवर आणि फोटोंवर ठेवा. मी दोन वर्षांआधी असंच केलं, गाडी पुण्यात, मी इकडे प्रतापनगरात, आणि फक्त गाडी पाहायला एवढ्या लांब जायचं जिवावर आलं होतं. पहिली गोष्ट, माणूस तुम्ही शोधा आणि पैसे तुम्ही द्या. विकणारा म्हणतो ना 'आमचा ओळखीचा आहे, फुकटात करून देतो', तो नको.

मला रिपोर्ट आला त्यात दहापैकी आठ मार्क आणि बॉडीसमोर 'मायनर रिपेंट'. म्हटलं मायनर म्हणजे किती, मला पेंट मीटरचं प्रत्येक पॅनलचं रीडिंग पाठवा. कंपनीचा पेंट साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. बोनेट, छत, चारही दरवाजे त्याच्यातच होते, पण मागचा उजवा क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकाच्या वरचा पत्रा, 600 च्या वर! नुसता रंग दुसऱ्यांदा मारला तर एवढं होत नाही, तिथं खाली लांबी म्हणजे पुट्टी भरलेली असते. आणि दरवाजा बोल्टवर असतो, तो बदलला तरी चालून जाते, क्वार्टर पॅनल मात्र बॉडीलाच वेल्ड केलेला असतो, म्हणून मी तिथंच अडलो. (बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं साधा मीटर रीडिंग देत नाही, ते रिकामं दिसलं तर शंका घेऊ नका.)

मग त्याला डिकीतलं कार्पेट आणि स्टेपनी काढून व्हिडिओ काढायला लावला. स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला डावीकडे सीलंटची रेघ एकसारखी, उजवीकडे बोटानं फासल्यासारखी जाडी-पातळ, आणि पत्र्यावर ठोकल्याच्या लाटा. म्हणजे मागून चांगलीच ठोकली होती, विकणारा म्हणे पार्किंगमध्ये घासली. सोडली ती गाडी.

इंजिनचं पण सांगतो, गाडी आधीच चालू करून गरम ठेवली तर थंड इंजिनचा आवाज नि धूर लपतो, म्हणून स्कॅनर लावून स्टार्ट करायच्या आधीचं कूलंटचं तापमान स्क्रीनसकट फोटोत मागा, रात्रभर उभी गाडी असेल तर ते बाहेरच्या हवेएवढंच असते. आणि 'एकही एरर कोड नाही' वाचून खूश होऊ नका, कोड आदल्या दिवशी पुसता येतात. स्कॅनरमध्ये रेडीनेस मॉनिटर बघायला सांगा, गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते त्यात दिसते, बरेचसे 'इनकंप्लीट' दिसले तर एक तर नुकतेच पुसले नाहीतर बॅटरी काढली होती, तेव्हा दोन-चार दिवस गाडी चालवू द्या नि परत बघायला लावा.

गिअरबॉक्स आतून कोणी उघडून पाहत नाही हे मात्र धरून चाला, ते टेस्ट ड्राइव्हवरच कळते. मी दुसरी गाडी घेतली तेव्हा रिपोर्ट बरा आला तरी टोकन देऊन पुण्याला गेलो, चालवून बघितली आणि मगच बाकीचे पैसे टाकले.