कॉलेजचं गॅदरिंग संपलं आणि तेव्हा भरभरून गप्पा मारणारी मुलगी तुझ्याशी बोलेनाशी झाली?

अरे, आधी कॅलेंडर बघ. गॅदरिंगच्या आठवड्यात लेक्चर्स नसतात, प्रॅक्टिसला रात्री उशिरापर्यंत सगळे एकत्र असतात, त्यामुळे गप्पा आपोआप रंगतात. लगेच मागून सबमिशन येतं. जर्नल अपुरं, सरांची सही बाकी, अटेंडन्स कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टची टांगती तलवार, वर तोंडी परीक्षा. अशा वेळी ‘हो’, ‘बघते’ एवढंच उत्तर आलं तर त्यात तुझा संबंध असेलच असं नाही. घरचं आजारपण, फीचं टेन्शन, पाळीचा त्रास, यातलं काहीही असू शकतं, आणि ते तुला सांगायला ती बांधील नाही.

ती फक्त तुझ्याशीच तुटक आहे की सगळ्यांशी, हे बघ. मैत्रिणींबरोबर कँटीनलाही येत नसेल, ग्रुपवरही गप्प असेल, तर कारण बहुधा दुसरंच आहे. मात्र तिच्या मैत्रिणींकडे चौकशा करू नकोस, संध्याकाळपर्यंत ते तिच्या कानावर जातं. लास्ट सीन तपासत बसणं तर त्याहून वाईट. ऑनलाइन दिसणारी मुलगी बऱ्याचदा असाइनमेंटचे फोटो मागत असते.

एकच मेसेज टाक: ‘सबमिशनची धावपळ दिसतेय. तिसऱ्या प्रॅक्टिकलचं रीडिंग हवं असेल तर माझ्याकडे आहे.’ ‘रागावलीस का?’ नको, त्याने तिच्यावर आणखी एक काम पडतं.

तोंडी परीक्षा झाल्यावरही ती बाकीच्यांशी खिदळतेय आणि तुला पाहून वाट बदलतेय, तर ते उत्तर समज आणि मेसेज थांबव.